‘राहून गेलं’ आणि ‘आम्ही लिहिलं नाही’

व्हिडिओ दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. मागे स्टीलच्या रॅकवर पांढऱ्या बादल्या आहेत, समोर काकू उभ्या. डोक्यावर जाळीची टोपी, हातात गोड्या मसाल्याचं पाकीट. तुम्ही अमेरिकेच्या या भागात राहत असाल, तर गेल्या वर्षी तो तुमच्याही व्हॉट्सअॅपवर चार ग्रुपांतून आला असेल. कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. नवरा-बायको आणि तीन-चार मदतनीस, भाड्याने घेतलेलं कमर्शियल किचन आणि चार राज्यांतली देशी दुकानं, एवढाच तो पसारा. त्यांनी आपला गोडा मसाला बाजारातून परत मागवला, कारण त्यात तीळ होते आणि पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता.

गोड्या मसाल्यात तीळ असणारच, त्यात बातमी काय, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्या आईची पहिली प्रतिक्रिया तीच होती. पण पाकीट फक्त आपणच विकत घेतो असं नाही, आणि आपल्यातल्याही प्रत्येकाला मसाल्यात काय पडतं ते ठाऊक नसतं. तिळाची अॅलर्जी असलेल्या माणसाला चमचाभर मसाला जिवावर बेतू शकतो. ओठ सुजतात, अंगावर गांधी येतात, उलट्या होतात, घसा आवळतो. म्हणून अशा व्हिडिओकडे ‘बिचाऱ्यांनी किती मनापासून माफी मागितली’ एवढ्यावरच बघून चालत नाही. तो एक मजकूर आहे आणि त्याने एक काम करायचं आहे. माझं पोस्टडॉकचं काम अन्नातल्या धोक्यांची माहिती लोकांपर्यंत कशी पोचते, याच विषयावर आहे. म्हणून त्यांच्या घरी चहाला गेले असताना मी त्यांच्याकडून व्हिडिओची संहिता मागून घेतली. पहिला कच्चा खर्डा आणि शेवटी वाचलेला मजकूर असे दोन्ही कागद मिळाले. त्यांच्यावर लिहायला दोघांनीही आनंदाने परवानगी दिली. ‘चुका काढ, पण नाव नको,’ एवढीच अट घातली.

पहिला खर्डा सुरू होतो तो आजीपासून. आजीचं जातं, सातारा जिल्ह्यातलं गाव, परदेशात आल्यावर जाणवलेली चवीची उणीव, मग कंपनी. परत मागवण्याचा विषय येतो तो पन्नासाव्या सेकंदाला. तोवर निम्मे लोक पुढच्या मेसेजकडे वळलेले असतात. शेवटच्या मजकुरात आजी नाही. पहिलं वाक्य असं आहे: ‘आमचा गोडा मसाला तुमच्या घरात असेल आणि घरात कुणाला तिळाची अॅलर्जी असेल, तर तो वापरू नका.’ त्यानंतर दोनशे ग्रॅमचं पाकीट, मागच्या बाजूचे तीन लॉट नंबर, कोणत्या महिन्यांत विकलं गेलं ते. हे सगळं पहिल्या पंचवीस सेकंदांत. मी काकूंना विचारलं, आजीला कुणी काढलं? त्या म्हणाल्या, ‘मुलीने. ती म्हणाली, आई, आजीची गोष्ट तू तुझ्यासाठी सांगतेयस.’ या संहितेवरची सर्वांत चांगली टीका त्या मुलीने माझ्याआधीच करून ठेवली आहे.

पुढचं वाक्य मात्र मला खटकतं. ‘खबरदारीचा उपाय म्हणून आम्ही स्वेच्छेने हा माल परत मागवत आहोत.’ अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक रिकॉलच्या निवेदनात हे दोन शब्द असतात, त्यामुळे त्यांनी ते उचलले यात नवल नाही. ‘स्वेच्छेने’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. सक्तीने माल परत मागवायला लावण्याचा अधिकार एफडीएला २०११ च्या कायद्याने मिळाला, पण तो क्वचितच वापरला जातो. बहुतेक कंपन्या स्वतःच माल मागे घेतात. पण कानाला तो शब्द कसा लागतो बघा. जणू काही गरज नव्हती, आम्ही मन मोठं केलं. ‘खबरदारी’ तर इथे सरळ चुकीची आहे. दूषित असण्याची शंका असते, तपासणीचा निकाल यायचा असतो, तेव्हा खबरदारी म्हणतात. इथे शंका कसली? तीळ त्यांनी स्वतः भाजून घातले होते. ज्याला अॅलर्जी आहे, तो ‘खबरदारी’ ऐकून असा अर्थ लावू शकतो की बहुधा काही नाही, उगाच काळजी घेताहेत. या एका शब्दाने आधीच्या पंचवीस सेकंदांची धार बोथट होते.

त्याच ओळीत पुढे आहे, ‘आतापर्यंत कुणालाही त्रास झालेला नाही.’ हे त्यांना माहीत असणं शक्यच नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की त्यांना कुणी कळवलेलं नाही. ज्याला जेवणानंतर गांधी आल्या आणि ज्याने दोष ऋतू बदलल्याला दिला, तो कंपनीला कशाला फोन करेल? त्याला कारणच ठाऊक नव्हतं, कारण पाकिटावर ते लिहिलेलंच नव्हतं. ‘आतापर्यंत आमच्याकडे अशी तक्रार आलेली नाही. तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला त्रास झाला असेल तर आम्हाला कळवा,’ असं म्हटलं असतं तर वाक्य खरंही झालं असतं आणि उपयोगीही.

आता मुख्य माफी. ती मी दोन्ही कागदांतून समोरासमोर ठेवते. खर्ड्यात होतं: ‘अनवधानाने लेबलवर तिळाचा उल्लेख राहून गेला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ शेवटच्या मजकुरात आहे: ‘लेबलवर आम्ही तीळ लिहिले नाहीत. ही आमची चूक आहे. आम्ही माफी मागतो.’

मराठी तुम्ही घरात बोलता म्हणून हा फरक तुमच्या कानाला लगेच कळेल. आपल्या भाषेत चूक ‘होते’, दूध ‘उतू जातं’, काच ‘फुटते’, उल्लेख ‘राहून जातो’. करणारा माणूस वाक्यात नसला तरी वाक्य पुरं होतं, कुठे काही लपवलंय असं वाटतही नाही. ही भाषेची मोठी सोय आहे. घरात रोज भांडणं होत नाहीत ती काही अंशी तिच्यामुळेच. पण माफीत ही सोय घेतली की माफी मागणाराच वाक्यातून निघून जातो. आणि ‘दिलगीर’ तर रेल्वे स्टेशनवरच्या भोंग्याने आणि वीजमंडळाच्या पाटीने वापरून इतका गुळगुळीत केलाय की त्याच्यामागे माणूस दिसत नाही. शिवाय ‘गैरसोय’ कशाची? गाडी उशिरा आली तर गैरसोय. घसा आवळला तर ती गैरसोय नाही. शेवटच्या मजकुरातली तीन छोटी वाक्यं वाचताना काकूंचा आवाज थोडा कापतो. पण ती वाक्यं आवाजाशिवाय, नुसती कागदावरही उभी राहतात. माझ्या मते हा संहितेचा उत्तम भाग.

मग कारण येतं. कारण सांगणं आणि सबब सांगणं यांतली रेषा इथे ओलांडली गेली आहे. काकू सांगतात की लेबल जुनं होतं. धणे, सुकं खोबरं, तेल, हिंग आणि ‘स्पायसेस’ असं त्यावर लिहिलेलं. तीळ त्या ‘स्पायसेस’मध्ये धरले होते. कायदा बदलला आणि त्यांच्या लक्षात आलं नाही. पहिली गोष्ट खरी आहे. अमेरिकेत मसाल्यांची नावं वेगवेगळी न देता एकत्र ‘स्पायसेस’ म्हणता येतं, आणि पूर्वी तिळालाही त्या शब्दाआड राहता येत असे. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘फास्टर अॅक्ट’वर सही झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख अॅलर्जन ठरला. तेव्हापासून पाकिटावर त्याचं नाव लिहिणं बंधनकारक झालं. छोट्या कंपनीच्या हातून ही तारीख निसटू शकते, हे मला समजतं.

पण याच व्हिडिओत, सव्वाव्या मिनिटाला, काकू आणखी एक गोष्ट सांगतात. तीळ सापडल्यावर त्यांनी आपल्या सगळ्या, म्हणजे अकराही पाकिटांची लेबलं काढून बसून तपासली. तेव्हा लक्षात आलं की हिंगाच्या डब्यावर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं आहे. बाजारातला हिंग शुद्ध राळ नसतो. ती फार उग्र आणि चिकट असते, म्हणून तिच्यात डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळतात. त्यामुळे गोड्या मसाल्यात गहूही होता, आणि मेतकुटात व चिवड्याच्या मसाल्यातही. लेबलवर फक्त ‘हिंग’. मग त्यांनी तीनही उत्पादनं परत मागवली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदाराची तक्रार फक्त तिळाबद्दल होती.

ही गोष्ट त्यांनी शोधली आणि सांगितली याबद्दल मला आदर आहे. पण नीट ऐकलंत तर लक्षात येईल की ‘कायदा बदलला’ हे कारण हिंगाला लागू पडत नाही. गहू अमेरिकेतल्या पहिल्या आठ अॅलर्जनांत होता. तो कायदा २००४ चा, आणि त्याची अंमलबजावणी २००६ पासून. म्हणजे ही कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून ते लेबल चुकीचं होतं. खरं कारण वेगळं आहे. विकत आणलेल्या कच्च्या मालाच्या डब्यावर काय लिहिलंय, ते आपल्या पाकिटावर उतरवायची पद्धतच त्यांच्याकडे नव्हती. हे मी त्यांना म्हटलं, तेव्हा काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘खरंय. कायद्यावर ढकलणं सोपं गेलं.’ कारण चुकीचं सांगितलं की उपायही चुकीचा निघतो. कायद्यातल्या बदलांकडे लक्ष ठेवू म्हटलं, तरी उद्या हिंगाचा पुरवठादार बदलला तर तीच चूक पुन्हा होणार.

इथे एक मोठं उदाहरण आठवतं. ओहायोतल्या कोलंबसची ‘जेनीज स्प्लेंडिड आईसक्रीम्स’ ही कंपनी. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेब्रास्काच्या कृषी खात्याने दुकानातून सहज उचललेल्या तिच्या एका डब्यात लिस्टेरिया हा जिवाणू सापडला. कंपनीने तो एक स्वाद नव्हे, सगळाच्या सगळा माल परत मागवला आणि आपली सगळी दुकानं बंद केली. २६५ टन आईसक्रीम नष्ट केलं. कुणी आजारी पडल्याचं समोर आलं नव्हतं. मे महिन्यात दुकानं पुन्हा उघडली. आणि जूनमध्ये कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत कारखान्यात पुन्हा लिस्टेरिया सापडला. त्यांनी पुन्हा उत्पादन थांबवलं आणि पुन्हा लोकांना सांगितलं. समजा, मे महिन्यात त्यांनी ‘आता पुन्हा असं कधीच होणार नाही’ एवढंच वचन दिलं असतं, तर जूनमध्ये ते खोटे ठरले असते. चाचण्या चालू होत्या म्हणून तर दुसऱ्यांदा सापडलं.

आपल्या व्हिडिओतलं शेवटचं वाक्य नेमकं तेच आहे: ‘पुन्हा असं कधीही होणार नाही, हा आमचा शब्द आहे.’ काकू हे फार मनापासून म्हणतात. पण ‘शब्द’ तपासता येत नाही. त्याच जागी तीन साधी वाक्यं बसली असती. कच्चा माल आला की त्याच्या डब्याचा फोटो काढून तारखेसह ठेवू. त्यावरचे सगळे घटक आपल्या लेबलशी दोघांनी वेगवेगळे ताडून बघू. पुरवठादार बदलला की जुनं लेबल वापरणार नाही. यांतलं एकही काम त्यांच्या ऐपतीबाहेरचं नाही, आणि सहा महिन्यांनी तुम्ही त्यांना विचारू शकता, करता का?

आता ‘पुढे काय करायचं’ हा भाग. कागदावर तो व्यवस्थित दिसतो. पाकिटामागचा लॉट नंबर पाहा, जुळत असेल तर पाकीट दुकानात परत करा, पावती दाखवून पैसे घ्या, शंका असल्यास या नंबरवर फोन करा. कोणत्याही अमेरिकन कंपनीच्या निवेदनात शोभेल असा मजकूर. फक्त तो आपल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेला नाही.

तुमच्या घरी गोडा मसाला पाकिटात असतो का? माझ्याकडे तो बरणीत असतो. पाकीट आणल्या दिवशी फोडते, बरणीत ओतते, तळाशी उरलेल्या जुन्या मसाल्यावरच, आणि पाकीट कचऱ्यात. पावती तर त्याच्याही आधी. म्हणजे लॉट नंबर विचारल्यावर निम्म्याहून अधिक घरांत उत्तरच नसणार, असं मला वाटतं. ज्यांनी स्वतः पंधरा वर्षं मसाले केले त्या काकूंच्याही घरी बरणीच आहे, मी पाहिली. तरी संहिता लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर पाकीट होतं, कारण त्या समोरचा नमुना बघून लिहीत होत्या. एक वाक्य हवं होतं: ‘मसाला डब्यात काढून ठेवला असेल आणि लॉट आठवत नसेल, तर तो यातलाच आहे असं समजा. डब्याचा फोटो पाठवा, पावती नसली तरी पैसे परत करू.’

दुसरी राहिलेली गोष्ट म्हणजे ज्यांनी आधीच खाल्लं आहे त्यांचं काय? व्हिडिओ त्यांच्याशी बोलतच नाही. अन्नाच्या अॅलर्जीची लक्षणं बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. म्हणून आत्ताच जेवून उठलेल्याला सांगायला हवं होतं की श्वास लागला, घसा किंवा जीभ सुजली तर एपिनेफ्रिनचं इंजेक्शन असेल तर लगेच घ्या आणि ९११ ला फोन करा, आम्हाला नंतर. कंपनीचा नंबर पडद्यावर आहे आणि ९११ नाही, हा या संहितेतला मला सर्वांत गंभीर वाटणारा दोष.

आणि तिसरी गोष्ट, हा मसाला आपण एकटे खात नाही. मंडळाच्या गणपतीत शंभर माणसांची आमटी होते, लॅबच्या पॉटलकला मसालेभात जातो. तिथे पानासमोर लेबल नसतं. ‘या मसाल्याचं काही करून तुम्ही कुणाला खाऊ घातलं असेल, तर त्यांना कळवा,’ हे वाक्य कंपन्यांच्या निवेदनांत सहसा नसतं. पण आपल्या कंपनीच्या व्हिडिओत ते असायला हवं होतं.

बारीक वाटणाऱ्या दोन गोष्टी सांगते आणि थांबते. व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. इथे लॉट नंबर पडद्यावर फक्त चार सेकंद राहतात, वाचून होण्याआधी जातात. ते शेवटपर्यंत खाली राहायला हवे होते, इंग्रजीतही, कारण शेजारी मराठी वाचत नाही. आणि व्हिडिओत तारीख कुठेच नाही. फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतात. तीन वर्षांनी कुणाच्या तरी मावशीकडून तो पुन्हा येईल, तेव्हा माल बदललेला असेल आणि लोक नव्या, नीट लेबलच्या पाकिटाला घाबरतील. ‘आज अमुक तारीख’ एवढं बोलायला दोन सेकंद लागतात.

हे सगळं मोजून झाल्यावर माझं मत असं, की ही माफी चांगली आहे आणि पुढच्या सूचना अपुऱ्या आहेत. ‘आम्ही लिहिलं नाही’ म्हणायला धैर्य लागतं. बरणीचा विचार करायला त्याहून कमी लागतं, फक्त समोरच्याच्या ओट्याजवळ मनाने उभं राहावं लागतं. काकू-काकांनी हे ऐकून घेतलं आणि दुसरा, दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. त्यात तारीख आहे, बरणी आहे, ९११ आहे.

माझं स्वतःचं सांगायचं तर पहिला व्हिडिओ मी पाहिला त्याच्या दोन आठवडे आधी शेजारच्या घरी मसालेभात पाठवला होता. त्यांच्याकडे लहान मुलगा आहे. त्याला कसली अॅलर्जी आहे का, हे मी विचारलं नव्हतं. व्हिडिओ बंद करून शेजारी गेले आणि विचारलं. नव्हती. आता बरणीवर चिकटपट्टी लावली आहे, त्यावर पेनने लिहिलंय: तीळ, गहू, आणि लॉट नंबर.